टेंबेसाहेबांचे तीस सेकंद

टेंबेसाहेबांनी माझे किती नग रिजेक्ट केले ते मी मोजलेलं नाही. त्यांनी मात्र नक्की मोजलं असणार. फॅक्टरीत मी लेथवर होतो आणि ते तपासणी खात्यात. चोवीस वर्षं मी बनवायचं आणि त्यांनी नापास करायचं, अशी आमची वाटणी होती. नापास नगावर ते लाल खडूने फुली मारत आणि मग एक चिठ्ठी लिहीत. चिठ्ठीच्या खाली दोन सह्या लागत, डावीकडे तपासणाऱ्याची आणि उजवीकडे बनवणाऱ्याची. उजवीकडे सही करून करून माझी सही इतकी सुधारली की बँकेत कधी अडचण आली नाही.

खोटं कशाला बोलू, माणूस सरळ होता. दोस्ती म्हणून कधी वाईट माल पास केला नाही आणि दुश्मनी म्हणून चांगला अडवला नाही. एका पावसाळ्यात माझ्या पिना एकामागून एक जाड यायला लागल्या. फोरमन माझ्यावर चढला होता. टेंबेसाहेब आले, वीस पिना मापल्या, आकडे एका ओळीत लिहिले आणि म्हणाले, "अच्युत, माप दोन्हीकडे हललं तर कारागिराचा हात समजायचा. एकाच बाजूला सरकत चाललं तर माल सोडून दे. ज्याच्यावरून मापून राहिला, ते तपास." तपासलं, तर माझं गेजच, म्हणजे पिना घालून बघायचं मापच, झिजलं होतं. त्याचं भोक मोठं झालं होतं, म्हणून जाड पिना बिनबोभाट आत जात होत्या. त्या दिवशी त्यांनी चिठ्ठी स्वतःच्या हाताने फाडली. ते वाक्य मी विसरलो नाही. ते स्वतः मात्र विसरले, आणि ही गोष्ट त्याचीच आहे.

निवृत्तीनंतर आम्ही जबलपूरच्या रांझीत एकाच गल्लीत आलो, आणि तपासणी खातंही त्यांच्याबरोबर आलं. लग्नात लाडू हातात घेतला की ते तो तळव्यावर तोलत. वहिनींच्या, म्हणजे विभावरीवहिनींच्या, पोळीवर त्यांनी एकदा कर्कटक ठेवलं होतं. एकदाच, कारण पुढचे दोन दिवस वहिनींनी पोळ्या केल्याच नाहीत. मी दाराला रंग दिला तेव्हा येऊन बोट फिरवून गेले. काही बोलले नाहीत. मी तेवढ्यावरच खूश झालो.

त्यांची स्वतःची एकच वस्तू गल्लीत उभी होती, मागच्या अंगणातला पाण्याच्या टाकीचा स्टँड. लोखंडी अँगलचे चार पाय, दहा फूट उंची, वर हजार लिटरची काळी टाकी. स्वतः कापला, स्वतः जोडला, स्वतः तपासला आणि स्वतःच पास केला, त्याला आता दहा वर्षं झाली. बोल्ट दरवर्षी पिवळ्या रंगाने रंगवत. टाकी भरली की जास्तीचं पाणी एका पाइपातून कुंपणाच्या भिंतीजवळच्या पायाशी ठिबकत राही. वहिनी दोन वर्षं सांगत होत्या की तो पाइप लांब न्या. साहेबांनी त्या ठिबकीखाली अळू लावला आणि प्रश्न मिटला असं जाहीर केलं. अळू मात्र असा माजला होता की पानं सुपाएवढी.

भिंतीच्या पलीकडे शरयूताई. मोघेबाई म्हणून शाळेत शिकवायच्या, आता एकट्याच राहतात. त्यांच्या अंगणात भिंतीला लागून फणसाचं झाड आहे. फळं धरली की गल्लीतल्या प्रत्येक घरी भाजी जाते, टेंबेसाहेबांकडे जरा मोठ्या डब्यात. रविवारी सकाळी अकरा वाजता त्या झाडाखाली सतरंजी पडते आणि कॉलनीतली आठ-दहा मराठी पोरं येऊन बसतात. पोरांना मराठी समजते, बोलताना हिंदी येते. शरयूताई त्यांच्याकडून गोष्टी सांगून घेतात, चुका काढतात आणि शेवटी चिक्की देतात. या वर्गाला पंखा नाही, छप्पर नाही. जे काही आहे ते फणसाची सावली.

तर जूनमध्ये टेंबेसाहेबांनी भिंतीला ओळंबा लावला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सरळ काय आणि तिरकं काय ते सांगणारं. भिंत त्यांच्या अंगणाकडे अर्धा इंच कललेली निघाली. आता रांझीतल्या कोणत्या भिंतीला ओळंबा लावला तर ती अर्धा इंच निघणार नाही, हा माझा प्रश्न. पण त्यांनी निदान केलं की फणसाची मुळं भिंत ढकलत आहेत आणि एक दिवस भिंत झाडासकट त्यांच्या घरावर येणार.

"शरयूताई, झाड काढावं लागते," त्यांनी भिंतीवरून सांगितलं.

"काहून?" शरयूताईंनी विचारलं.

साहेबांनी अर्धा इंच सांगितला. शरयूताई शांतपणे म्हणाल्या, "ती भिंत बांधली तेव्हापासून तशीच आहे, भाऊजी. सरकून राहिली हे दाखवा. दाखवलं तर मी स्वतः माणूस बोलावून झाड कापून घेते. तुम्हाला पुन्हा सांगावं लागणार नाही."

शरयूताई शब्द देतात तेव्हा पाळतात, हे गल्लीला माहीत होतं. म्हणून मला ते ऐकून बरं वाटलं नाही. साहेब पुरावा आणणार हेही मला माहीत होतं. पुरावा आणायला त्यांच्याइतका रिकामा आणि चिकाटीचा माणूस जबलपुरात दुसरा नव्हता.

पुरावा कसा आणायचा ते सुचवलं त्यांच्या सुनेने. प्रणोती बड़ा फुहाऱ्याजवळच्या एका स्टुडिओत लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करते. ती म्हणाली, "बाबा, टाइमलॅप्स बनवू ना. एकाच जागेहून दर तासाला फोटो काढा. दोन महिन्यांचे फोटो जोडले तर अर्ध्या मिनिटात सगळं हलताना दिसेल. जे डोळ्याला रोज दिसत नाही ते दिसते."

साहेबांचे डोळे चमकले. आपोआप फोटो काढणारं ॲप आहे असं तिने सांगितलं, तर ते म्हणाले, "आपोआपवर माझा भरवसा नाही. माणूस उभा पाहिजे." आणि एक जुलैपासून माणूस उभा राहिला. मागच्या खोलीच्या खिडकीत सागवानाची चौकट बसवली, तिला तीन खुंट्या, त्यात फोन नेमका टेकून बसायचा. फॅक्टरीत अशा चौकटीला आम्ही फिक्स्चर म्हणत असू. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, रोज तेरा फोटो. फोन एकच होता, त्यामुळे कोणी फोन केला की तो काढायचा, बोलायचं आणि परत बसवायचा.

ते दोन महिने त्या घराने कसे काढले ते वहिनींना विचारा. साहेब जेवताना अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी उठत. बँकेतला माणूस घरी आला असताना त्याला "एक मिनिट" म्हणून खिडकीत गेले. धाकट्या मेहुण्याच्या साठीला ते गेलेच नाहीत. वहिनी एकट्या गेल्या आणि सगळ्यांना सांगितलं, ते भिंत बघून राहिले. एकदा साहेबांना ताप भरला तर त्यांनी मला बोलावून माझ्याकडून सात फोटो काढून घेतले आणि मग ते सातही तपासले. एक नापास झाला, माझं बोट कोपऱ्यात आलं होतं.

ऑगस्ट संपला. आठशे सहा फोटो झाले. जोराच्या पावसाने धुरकट झालेले आणि काचेवर ओघळ आलेले प्रणोतीने काढून टाकले, सातशे सोळा उरले. एका सेकंदाला चोवीस या हिशोबाने तीस सेकंद. तिने ते नुसते जोडून लॅपटॉपवर लावले. मी, साहेब आणि वहिनी बघायला बसलो.

कुंडमला जाणाऱ्या मिनीबसमध्ये उभं राहून खिडकीतून पाहावं तसं ते दिसलं. भिंत वर-खाली, टाकी डावी-उजवीकडे, झाड थरथरत, सगळं एकाच वेळी. वहिनींनी डोळे मिटून घेतले आणि मळमळतंय म्हणाल्या.

"माझं फिक्स्चर हलत नाही," साहेब म्हणाले.

"फिक्स्चर नाही हलत, बाबा. फोन हलते," प्रणोती म्हणाली. "कव्हर रबराचं आहे ना, दर वेळी थोडं वेगळं बसते. बटन दाबलं की एक केसभर वाकते. फोटोत तो केस दहा-वीस ठिपक्यांचा होते. टेन्शन नको. अलाइन करून देते."

तिने समजावलं ते मला लगेच पटलं, कारण ते आमच्याच धंद्यातलं होतं. फोटोतले दोन असे बिंदू निवडायचे की जे प्रत्यक्षात हलत नाहीत. सॉफ्टवेअर ते दोन बिंदू प्रत्येक फोटोत शोधतं. मग प्रत्येक फोटो असा सरकवतं आणि असा फिरवतं की ते दोन बिंदू पडद्यावर कायम त्याच जागी राहतील. एकच बिंदू घेतला तर सरकणं निघतं पण तिरकेपणा राहतो, म्हणून दोन. मग फोन हलल्याचा दोष जातो आणि जे खरोखर हललं तेवढंच उरतं. ज्या जागेवरून बाकी सगळं मापायचं तिला फॅक्टरीत डेटम म्हणत. प्रणोतीचे दोन बिंदू म्हणजे डेटमच.

आधी तिने बिंदू निवडायचं काम सॉफ्टवेअरवरच सोडून पाहिलं. सॉफ्टवेअरने भिंतीवरच्या सावलीची कड धरली आणि सावली सूर्याबरोबर फिरली, तर दिवसातून एकदा अख्खं अंगण तिच्यामागे फिरायला लागलं. दुसऱ्यांदा त्याने वहिनींचं वाळत घातलेलं लुगडं धरलं. तेव्हा ठरलं की बिंदू हाताने द्यायचे.

"दूरचा तो मोबाइलचा टॉवर घेऊ," प्रणोती म्हणाली. "एक बिंदू टोकाला, एक खाली. तो कुठे जात नाही."

"तो मी बांधला नाही," साहेब म्हणाले. "ज्याची मला खात्री नाही त्याला मी डेटम मानत नाही."

"मग कशाची खात्री आहे?" मी विचारलं.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. टाकीच्या स्टँडचा सगळ्यात वरचा पिवळा बोल्ट आणि सगळ्यात खालचा पिवळा बोल्ट. प्रणोतीला मानावंच लागलं की बिंदू म्हणून ते उत्तम होते. लहान, भडक, पाऊस असो की ऊन, सॉफ्टवेअरला चटकन सापडणारे. मीही मान डोलावली. चोवीस वर्षांची सवय, साहेबांनी पास म्हटलं की पुढे बघायचं नाही.

चार दिवस ती स्टुडिओतून आल्यावर बसत होती. अळूचं पान बोल्टसमोर आलं की सॉफ्टवेअर चुकत होतं, तिथे ती बिंदू हाताने, बोट दाखवल्यासारखा, बोल्टवर नेऊन ठेवत होती. उजेड कमी-जास्त होऊन चित्र लुकलुकत होतं, तेही तिने एकसारखं केलं. शेवटी एक दिवस मी चहाला गेलो असताना ती म्हणाली, "बाबा, एक अजीब गोष्ट आहे. फोटो सरकवले की कडेला काळी पट्टी उघडी पडते. पहले इकडे-तिकडे पडत होती, ते ठीक आहे. पण जसजसे दिवस जातात, पट्टी एकाच बाजूनं वाढून राहिली, कोपऱ्यात तिरपी."

"पट्टी झाक," साहेब म्हणाले. ते भिंत बघत होते. भिंत हलत होती. दोन महिन्यांनी त्यांना हवं ते दिसत होतं आणि पट्टीत त्यांना रस नव्हता.

प्रणोतीने चित्र थोडं मोठं केलं, कडा बाहेर गेल्या, पट्टी झाकली गेली. मी चहा पीत होतो. ज्या माणसाने मला ते वाक्य शिकवलं त्याच्या शेजारी बसून मी चहा पीत होतो आणि मला काही आठवलं नाही, याची मला आजही लाज वाटते.

रविवारी दहा वाजता शरयूताईंना बोलावलं. वर्ग अकराला, म्हणून दहा. त्या इस्त्रीची साडी नेसून आल्या, शाळेत निकालाच्या दिवशी यायच्या तशा. साहेबांनी टीव्हीसमोरची खुर्ची त्यांना दिली. वहिनींनी चहा आणला आणि नवऱ्याकडे न बघता ठेवला. टीव्हीवर अंगण आलं. मध्ये भिंत, तिच्या डावीकडे आमच्या साहेबांची टाकी, उजवीकडे फणस, आणि लांब मागे टॉवर.

प्रणोतीने बटन दाबलं.

या वेळी काही थरथरलं नाही. टाकी जणू देवघरात बसवल्यासारखी स्थिर. ढग धावले, सावल्या भिंतीवरून घड्याळाच्या काट्यासारख्या फिरल्या, अळू बघता बघता कमरेएवढा झाला. आणि भिंत हळूहळू, अगदी हळूहळू, डावीकडे झुकत गेली. तिच्यामागे फणसही झुकला, साहेबांच्या अंगणाकडे. तीस सेकंद झाले. शंकेला जागाच नव्हती.

शरयूताईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला साहेबांचा राग आला, खरोखर राग आला. इतकं अचूक असायची काय गरज होती?

"बरं," शरयूताई म्हणाल्या. "दाखवलं तुम्ही. उद्या मी नथ्थूला सांगते, तो झाडं कापतो." मग त्यांनी पदर सारखा केला. "एकदा परत लावता का? झाड बघते जरा."

प्रणोतीने परत लावलं. आम्ही सगळे भिंत बघत होतो, त्या बाई झाड बघत होत्या. बघता बघता त्यांची नजर झाडाच्या फांद्यांतून मागे गेली असावी. चाळीस वर्षं वर्गात उभं राहून मागच्या बाकावर काय चाललंय ते बघायची सवय.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तो मागचा टॉवर पण झुकून राहिला का?"

प्रणोतीने न सांगता तिसऱ्यांदा लावलं. आता आम्ही सगळे टॉवर बघत होतो. टॉवर डावीकडे झुकला. त्याच्या बाजूचं दोन मजली घर डावीकडे झुकलं. विजेचा खांब झुकला. त्या तीस सेकंदांत अख्खी रांझी सावकाश डावीकडे कलंडली आणि तिच्या मध्ये टेंबेसाहेबांची टाकी एकटी ताठ उभी राहिली.

"टॉवर कोणाच्या फणसानं ढकलला?" शरयूताईंनी विचारलं. खोचक नव्हतं ते. त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं.

विभावरीवहिनींना हसू आवरेना, त्या पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. मी साहेबांकडे पाहिलं. चोवीस वर्षं मी ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो आला होता. माझ्या मनात एक सुंदर वाक्यही तयार होतं.

साहेब पडद्याकडेच बघत होते. अगदी हळू आवाजात म्हणाले, "प्रणोती, ती पट्टी झाकली होती ती उघड."

तिने चित्र परत लहान केलं आणि लावलं. कोपऱ्यात काळी पट्टी. पहिल्या काही दिवसांत कधी इथे, कधी तिथे, कधी नाहीच. मग जुलै सरला आणि पट्टीने एक बाजू धरली, आणि तीच वाढत गेली, पाचरीसारखी, ऑगस्टच्या शेवटी सगळ्यात जाड.

"अच्युत," साहेब म्हणाले, "माप दोन्हीकडे हललं तर…"

"तर हात समजायचा," मी म्हणालो. सुंदर वाक्य मी गिळून टाकलं.

"आणि एकाच बाजूला सरकलं तर?"

"ज्याच्यावरून मापून राहिलो ते तपासायचं."

ते उठले. खुंटीवरचा ओळंबा घेतला आणि अनवाणी अंगणात गेले. आम्ही मागोमाग. स्टँड बांधून दहा वर्षं झाली होती आणि या दहा वर्षांत त्याला ओळंबा लागला नव्हता, कारण पास झालेला माल परत तपासायचा नाही हा त्यांचा नियम. दोरी वरच्या बोल्टला धरून मी शिडीवर उभा राहिलो आणि त्यांनी खाली वजन स्थिर होईपर्यंत वाट पाहिली. मग मापाची पट्टी लावली. चार इंच. अर्धा नाही, चार. स्टँड उजवीकडे कलला होता, शरयूताईंच्या अंगणाकडे.

साहेबांनी अळूची पानं बाजूला केली. भिंतीजवळचा पाय काळ्या मातीत रुतला होता. वर्षानुवर्षं ठिबकणाऱ्या पाण्याने माती लोण्यासारखी झालेली, त्यात हा पावसाळा. आमच्या डोळ्यांसमोर दोन महिने पाय खचत होता, टाकी तिकडे कलत होती, आणि आम्ही टाकीलाच स्थिर धरल्यामुळे बाकीचं जग इकडे कलताना पाहत होतो.

साहेबांनी भिंतीवरून पलीकडे पाहिलं. फणसाखाली शरयूताईंनी सकाळीच सतरंजी घालून ठेवली होती. तिच्यावर चिक्कीचा डबा होता. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, आणि ते बरोबर त्या सतरंजीवर आलं असतं. पावणेअकरा वाजले होते. फाटकातून पहिली दोन पोरं आत येताना दिसली.

"शरयूताई," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "आजचा वर्ग माझ्या पुढच्या खोलीत भरवा. पोरांना तिकडे जाऊ देऊ नका. अच्युत, खालची चावी उघड, टाकी रिकामी कर. सगळी."

मी चावी उघडली. प्रणोती धावत जाऊन पोरांना घेऊन आली. पाणी अंगणभर पसरलं आणि आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिलो. टाकी रिकामी व्हायला बराच वेळ लागला. तोवर साहेब हलले नाहीत. पुढच्या खोलीतून पोरांचा आवाज येत होता, कोणीतरी कोल्ह्याची गोष्ट अर्धी हिंदीत सांगत होतं.

टाकी रिकामी झाल्यावर ते आत गेले आणि लाल खडू घेऊन आले. निवृत्तीला अकरा वर्षं झाली, तरी त्यांच्याकडे लाल खडू होता. स्टँडच्या पायावर त्यांनी फुली मारली, तीच, दोन ओढींची, मी हजारदा पाहिलेली. बाजूला तारीख लिहिली. तिच्याखाली डावीकडे सही केली. मग ते थांबले.

सवयीने माझा हात पुढे झाला. उजवीकडे बनवणाऱ्याची सही, ती नेहमी माझी. साहेबांनी माझ्या हाताकडे पाहिलं आणि खडू दिला नाही. उजवीकडेही त्यांनी स्वतःचीच सही केली. ती डावीकडच्यापेक्षा वाकडी आली. खडू खिशात ठेवून ते म्हणाले, "तुझ्या सह्या चांगल्या असायच्या रे, अच्युत." मी म्हटलं, साहेब, पाण्यात उभं राहून सर्दी होईल.

शरयूताईंची माफी मागायची राहिली होती. ते त्यांना जमत नव्हतं. आठवडाभर ते रोज भिंतीपर्यंत जात, पलीकडे शरयूताई दिसत, ते "पाऊस कमी झाला" असं काहीतरी म्हणत आणि परत येत. वहिनींनी सांगून पाहिलं. मी सांगून पाहिलं. शेवटी एका संध्याकाळी ते प्रणोतीजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "बेटा, तो तुझा टॉवर घे. डेटम म्हणून."

पुढच्या रविवारी वर्ग परत फणसाखाली भरला. स्टँड तोवर उतरवला होता, पायाच्या जागी खड्डा होता आणि अळू अजून तसाच होता. प्रणोती लॅपटॉप घेऊन गेली, साहेब तिच्या मागे इस्त्रीचा सदरा घालून. पोरं सतरंजीवर, शरयूताई खुर्चीवर. तिने तीस सेकंद लावले, या वेळी टॉवर धरून.

भिंत जागची हलली नाही. फणस हलला नाही, फक्त पानं नाचत होती. रांझी जिथल्या तिथे. आणि भिंतीपलीकडची काळी टाकी, तिच्या चार पिवळ्या बोल्टांसकट, शरयूताईंच्या अंगणाकडे सावकाश वाकत आली, वाकत आली, आणि तिथेच थांबली.

"आजी, टंकी नमस्ते कर रही है," एक पोरगी म्हणाली.

"मराठीत सांग," शरयूताई म्हणाल्या.

"टाकी… नमस्कार करून राहिली."

साहेब फणसाच्या बुंध्याकडे बघत उभे होते. कानापर्यंत लाल झाले होते. शरयूताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, डब्यातून चिक्कीचा एक तुकडा काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"पोचला नमस्कार, भाऊजी," त्या म्हणाल्या. "बसा आता सतरंजीवर."

ते बसले. चिक्की त्यांनी तळव्यावर तोलली नाही, तशीच तोंडात टाकली.